अपडेटनंतर मंदावलेला फोन आणि त्याचे अर्धवट राहिलेले काम

«दादा, मागच्या शनिवारी फोनला मोठे अपडेट आले, ते टाकले. तेव्हापासून फोन फारच हळू झालाय. व्हॉट्सॲप उघडायलाच सात-आठ सेकंद लागतात. फोन तीन वर्षांचा आहे, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. सगळ्याची कॅशे साफ करू का? शाळेतल्या एक बाई म्हणतात, ॲनिमेशन बंद करा. नेमके काय करावे? मी जुळे सोलापूरला राहते.»

ताई, सगळ्या ॲपांची कॅशे आज साफ करू नका. आधी फोनमध्ये किमान ८ ते १० जीबी जागा मोकळी करा. त्यानंतर सलग तीन रात्री फोन चालू ठेवूनच, म्हणजे स्विच ऑफ न करता, स्क्रीन बंद करून, हवेशीर जागी चार्जिंगला लावून ठेवा. ॲनिमेशन पूर्ण बंद करण्यापेक्षा निम्म्यावर आणा. इतके केल्यावर निम्म्याहून अधिक फोन ठिकाणावर येतात, असा माझा सतरा वर्षांच्या दुरुस्तीचा अनुभव आहे. यामागची कारणे कळली, तर पुढच्या अपडेटच्या वेळी हा त्रास टाळता येईल, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

प्ले स्टोअरवरून आलेले ॲप ज्या स्वरूपात फोनमध्ये उतरते, ते फोनच्या प्रोसेसरला थेट वाचता येत नाही. अँड्रॉइडमधली एआरटी नावाची यंत्रणा त्या ॲपचा, विशेषतः तुम्ही जो भाग वारंवार वापरता त्याचा, प्रोसेसरला समजेल असा अनुवाद करून तो साठवून ठेवते, आणि पुढच्या वेळी ॲप उघडले की हा तयार अनुवादच वापरला जातो. अपडेटमध्ये मूळ सिस्टिमच्या फाइली बदलतात. जुना अनुवाद त्या जुन्या फाइलींना धरून केलेला असल्यामुळे तो बहुतांशी निरुपयोगी होतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. आपल्या सोलापुरात मागावर नवी नक्षी चढवायची, तर आधी ताणा पुन्हा भरावा लागतो आणि तोवर माग उभा राहतो. फोनला मात्र उभे राहण्याची सवड नसते. त्यामुळे तो अनुवाद तयार नसतानाच, जमेल तसा, चालता चालता अर्थ लावत ॲप उघडतो, आणि तुम्हाला जाणवणारे सात-आठ सेकंद प्रामुख्याने तिथे जातात.

जुन्या फोनांत अपडेटनंतर सुरू होतानाच Optimizing app असे लिहिलेला पडदा येत असे आणि पन्नास-साठ ॲपांची मोजदाद संपेपर्यंत लोक वैतागून जात. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून ही पद्धत बदलली. फोन लगेच सुरू होतो, पण उरलेले काम नंतरच्या रात्रींवर टाकले जाते. सोय झाली हे खरे. मात्र काम शिल्लक आहे हे सांगणारा पडदाच नाहीसा झाल्यामुळे फोन अपडेटने बिघडला असे माणसाला वाटू लागले.

याच काळात आणखी एक काम मागे चालू असते. अँड्रॉइड ११ पासून पुष्कळ फोनांत अपडेट आधी एका बाजूला, तुमच्याच स्टोरेजमधली जागा घेऊन ठेवले जाते आणि फोन नव्या आवृत्तीवर नीट सुरू झाल्याची खात्री पटल्यावरच मूळ सिस्टिममध्ये विलीन केले जाते. हे विलीनीकरण रीस्टार्टनंतर पार्श्वभूमीवर चालते आणि तेवढा वेळ स्टोरेजवर वाचण्या-लिहिण्याचा जास्तीचा भार असतो. कमी किमतीच्या फोनांत ईएमएमसी प्रकारचे संथ स्टोरेज असते, त्यामुळे पहिल्या दिवसाचा जडपणा तिथे अधिक जाणवतो. हे काम मात्र सहसा लवकर उरकते. खरे रेंगाळते ते अनुवादाचे काम.

ते रेंगाळण्याचे कारण त्याच्या अटींमध्ये आहे. हे काम सुरू होण्यासाठी फोन चार्जिंगला लावलेला असावा लागतो आणि शांत पडलेला असावा लागतो, म्हणजे स्क्रीन बंद होऊन बराच वेळ गेलेला असावा लागतो. फोन गरम झाला की काम थांबते. स्टोरेज अगदी संपत आले, म्हणजे सुमारे ५०० एमबीच्या खाली गेले, की सिस्टिम जागा कमी असल्याचे जाहीर करते आणि मग हे अनुवाद नव्याने साठवणे टाळते. यांपैकी एक अट जरी रोज मोडत राहिली, तरी फोन आठवडेच्या आठवडे त्याच अर्धवट अवस्थेत राहू शकतो.

एक उदाहरण सांगतो. अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहणारे एक गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात अपडेटनंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी फोन घेऊन आले. फोन तुमच्यासारखाच, ४ जीबी आणि ६४ जीबीचा. मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा रीस्टार्टनंतर व्हॉट्सॲप पहिल्यांदा उघडायला ८ सेकंद आणि कॅमेरा उघडायला ६ सेकंद लागत होते. मोकळी जागा ४०० एमबी शिल्लक होती, कारण रोज गिऱ्हाइकांना पाठवलेल्या नमुन्यांचे फोटो आणि व्हिडिओ तसेच पडून होते. मी त्यांना रात्रीची सवय विचारली. ते म्हणाले, "रात्री झोपताना फोन स्विच ऑफ करूनच चार्जिंगला लावतो, बॅटरीला चांगलं असतं ना!" आणि दुपारी फोन चार्जिंगला असे तो पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंशांच्या पुढे तापमान असताना आत फोन हातात धरवत नाही. म्हणजे रात्री फोन बंद, दिवसा फोन तापलेला आणि बारा महिने जागा भरलेली. अनुवादाला तीन आठवड्यांत एकदाही वाव मिळालेला नव्हता.

तरीही अंदाजाने औषध देऊ नये म्हणून मी फोन संगणकाला जोडून पाहिला. ज्यांच्याकडे संगणक आहे आणि एडीबीची, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनाची, ओळख आहे, त्यांना हे घरीही करता येते. USB debugging चालू करून ही कमांड द्यायची:

```
adb shell dumpsys package dexopt
```

यात प्रत्येक ॲपच्या नावाखाली त्याची स्थिती येते. रोज वापरल्या जाणाऱ्या ॲपपुढे `status=speed-profile` असे दिसले, तर अनुवाद तयार आहे. `status=verify` दिसले, तर फाइल फक्त तपासलेली आहे, अनुवाद झालेला नाही. या गृहस्थांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप, फोनचे ॲप आणि पैशांचे व्यवहार करण्याचे ॲप या तिघांपुढेही `verify` होते. मग आम्ही ११ जीबीचे व्हिडिओ संगणकावर उतरवून घेतले, ते तिथे उघडतात याची खात्री करून फोनमधून काढले, आणि रात्रीची वाट न पाहता पुढची कमांड दिली, जी हेच काम ताबडतोब सुरू करते:

```
adb shell cmd package bg-dexopt-job
```

याला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात फोन तापतो, म्हणून तो कव्हर काढून पंख्याखाली ठेवावा आणि केबल मध्येच काढू नये. त्या दिवशी साधारण पाऊण तासाने काम संपले. रीस्टार्ट करून पुन्हा घड्याळ लावले, तेव्हा व्हॉट्सॲप ३ सेकंदांत आणि कॅमेरा २ सेकंदांत उघडला. एकाही ॲपची कॅशे साफ केलेली नव्हती, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. संगणक नसेल, तर हेच काम वर सांगितलेल्या तीन रात्री करतात. फरक फक्त वेळेचा.

आता कॅशेकडे येऊ, कारण याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ॲपची कॅशे म्हणजे त्या ॲपने पुन्हा लागतील म्हणून जवळ ठेवलेल्या तात्पुरत्या गोष्टी, जसे पाहिलेल्या फोटोंच्या लहान प्रती, संकेतस्थळांची चित्रे किंवा व्हिडिओचे तुकडे. वर सांगितलेला अनुवाद यात येत नाही, म्हणून Clear cache दाबल्याने तो नवाही होत नाही आणि जातही नाही. उलट आधीच धडपडणाऱ्या फोनला सगळे फोटो नव्याने उतरवून त्यांच्या प्रती पुन्हा बनवाव्या लागतात, आणि त्या दिवशी तो आणखी संथ होतो. अँड्रॉइड ८ मध्ये सगळ्या ॲपांची कॅशे एका फटक्यात पुसण्याची सोय मूळ सेटिंगमधून काढून टाकण्यात आली, कारण जागा कमी पडू लागली की सिस्टिम स्वतःच कॅशे कमी करते.

मग कॅशे साफ कधी करावी? माझ्या मते दोन प्रसंगी. पहिला म्हणजे बाकी फोन ठीक असून अपडेटनंतर एकच ॲप अडखळते, बंद पडते किंवा त्यात चित्रे अर्धवट दिसतात तेव्हा. जुन्या आवृत्तीने साठवलेली एखादी गोष्ट नव्या आवृत्तीला न पटल्याने असे होऊ शकते. दुसरा म्हणजे जागा तातडीने हवी असते तेव्हा. अशा वेळी Settings मध्ये Apps उघडून ते ॲप निवडावे, Storage वर जावे आणि तिथे Cache पुढे लिहिलेला आकडा आधी वाचावा. ब्राउझर किंवा व्हिडिओच्या ॲपपुढे १ किंवा २ जीबी असेल, तर साफ करण्यात अर्थ आहे. ४० एमबी असेल, तर हात लावण्याचे कारण नाही.

इथे एक सावधगिरी फार आवश्यक आहे. त्याच पडद्यावर Clear cache च्या अगदी शेजारी Clear storage किंवा Clear data असे दुसरे बटण असते. ते दाबले की ॲप कोरे होते. व्हॉट्सॲपचे दाबले, तर शेवटच्या बॅकअपनंतरचे संदेश गेले, आणि यूपीआयच्या ॲपचे दाबले, तर सिमकार्डाची पडताळणी करून नोंदणी पुन्हा करावी लागते. नवी पेठेतल्या माझ्या दुकानात अपडेटच्या दिवसांत येणाऱ्या रडवेल्या चेहऱ्यांपैकी बरेचसे या एका बटणामुळे आलेले असतात, म्हणून मी गिऱ्हाइकाला ते बटण बोटाने दाखवून, हे दाबायचे नाही, असे सांगूनच फोन परत देतो.

फोन बंद करून आवाजाचे आणि पॉवरचे बटण दाबत रिकव्हरीत जायचे आणि तिथे Wipe cache partition करायचे, असाही सल्ला तुम्हाला कोणी देईल. काही कंपन्यांच्या फोनांत हा पर्याय आजही आहे आणि त्याने तुमचे फोटो किंवा संदेश जात नाहीत. परंतु बऱ्याच नव्या फोनांत तो वेगळा विभागच उरलेला नाही, त्यामुळे तुमच्या फोनमध्ये तो पर्याय दिसला नाही, तर काही चुकले असे समजू नका. आणि दिसला, तरी लक्षात ठेवा की त्याच यादीत, एखाद-दुसऱ्या ओळीच्या अंतरावर, Wipe data/factory reset असते, तिथे स्पर्श बहुधा चालत नाही, आणि आवाजाच्या बटणाने खाली-वर जाताना एक ओळ चुकली की सगळा फोन पुसला जातो. बॅकअप घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

ॲनिमेशनचा सल्ला तुमच्या सहकारी बाईंनी दिला तो चुकीचा नाही, पण त्यातून काय मिळते ते नीट समजून घ्यावे. ॲप उघडताना खिडकी मोठी होत येते, बंद करताना लहान होत जाते, एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना सरकते. या प्रत्येक हालचालीला साधारण पाव ते अर्धा सेकंद लागतो. तो वेळ निम्मा केला, तर दिवसभरात शेकडो वेळा थोडे थोडे थांबणे कमी होते आणि फोन चपळ वाटतो. ॲप उघडण्यासाठी लागणारे खरे काम मात्र तेवढेच राहते.

म्हणून आधी एक छोटी परीक्षा करा. व्हॉट्सॲपच्या चिन्हावर बोट लावा आणि निरखून पाहा. बोट लावताच खिडकी मोठी होऊ लागली, पण ती हालचालच अडखळत झाली, तर ॲनिमेशन कमी केल्याने लगेच बरे वाटेल. खिडकी झटकन उघडली आणि मग रिकामा पांढरा किंवा काळा पडदा चार-पाच सेकंद तसाच राहिला, तर वेळ ॲप चढण्यात जात आहे. तिथे अनुवाद, मोकळी जागा आणि रॅम यांचा प्रश्न आहे. बोट लावल्यावर सेकंद-दोन सेकंद काहीच झाले नाही, तर फोन त्या क्षणी दुसऱ्याच कामात गुंतलेला आहे. तुम्ही सांगितलेल्या सात-आठ सेकंदांपैकी ॲनिमेशनमुळे जाणारा वेळ फार तर अर्धा सेकंद असेल.

ही सेटिंग Developer options मध्ये असतात आणि ते पान मुळात लपवलेले असते. Settings मध्ये About phone उघडून Build number वर सात वेळा बोट मारले की ते दिसू लागते. काही फोनांत Build number हे Software information च्या आत असते, तर काहींत सिस्टिमच्या आवृत्तीच्या नावावर सात वेळा बोट मारावे लागते. आत गेल्यावर खाली Drawing या भागात तीन ओळी एकाखाली एक सापडतात: Window animation scale, Transition animation scale आणि Animator duration scale. पहिली खिडक्यांची उघडझाप ठरवते, दुसरी पडद्यांमधले जाणे-येणे, आणि तिसरी ॲपांच्या आतल्या लहानमोठ्या हालचाली. तिन्ही मुळात 1x वर असतात, त्या .5x वर आणाव्यात.

तिन्ही पूर्ण बंद करण्याचा पर्यायही तिथे आहे, पण तो मी सहसा सुचवत नाही. पडदे एकदम बदलू लागले की आपण कुठून कुठे आलो हे विशेषतः वयस्कर माणसांना उमगत नाही, आणि काही ॲपांत काम चालू असल्याचे दाखवणारे गोल चक्रही स्थिर दिसते, त्यामुळे फोन अडकला असे समजून माणूस पुन्हा पुन्हा बोट मारतो. पैसे पाठवताना असे होणे बरे नव्हे. ज्यांना Developer options उघडायचेच नसतील, त्यांच्यासाठी बहुतेक फोनांत Accessibility च्या पानावर Remove animations असा पर्याय असतो; त्यात निम्मे करता येत नाही, पण तो सहज उलटवता येतो.

Developer options मध्ये गेल्यावर बाकी काही हलवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. Don't keep activities चालू केले, तर पडद्यावरून बाजूला होताच ॲपचे ते पान मोडले जाते आणि परत आल्यावर ते नव्याने उभे करावे लागते. Background process limit कमी केले, तरी तोच प्रकार. मागे राहिलेली ॲपे सारखी मारली जातात आणि तुम्ही परत गेलात की पहिल्यापासून उघडतात, ज्यात उलट जास्त वेळ आणि जास्त बॅटरी जाते. रॅम मोकळी करून देतो म्हणणारी क्लीनर ॲपेही नेमके हेच करतात, म्हणून ती असतील तर काढून टाकावीत. शिवाय काही बँकांची ॲपे Developer options किंवा USB debugging चालू दिसले की उघडायला नकार देतात. तसे झाले, तर आधी USB debugging बंद करून पाहा. तरीही अडले, तर पानाच्या वरचे मुख्य बटण बंद करा आणि ॲनिमेशनसाठी Accessibility चा मार्ग धरा.

तुमच्यासाठी क्रम असा राहील. आज Settings मधले Storage उघडून किती जागा उरली आहे ते पाहा, आणि व्हॉट्सॲपमध्येच Storage and data मधून Manage storage उघडून मोठे व्हिडिओ आधी हलवा, कारण शाळेच्या गटांत येणारे व्हिडिओ बहुधा तिथेच साचलेले असतात. ॲनिमेशन .5x करा. प्ले स्टोअरमधून ॲपांची राहिलेली अपडेट दिवसा उतरवून घ्या, म्हणजे रात्री त्यांचाही अनुवाद त्याच फेरीत होईल. त्यानंतर तीन रात्री फोन उशीखाली किंवा चादरीवर न ठेवता कव्हर काढून फरशीवर किंवा लाकडी टेबलावर चार्जिंगला लावा. आज आणि चौथ्या दिवशी, दोन्ही वेळा रीस्टार्ट करून पाच मिनिटे थांबा आणि व्हॉट्सॲप उघडायला किती सेकंद लागतात ते मोजून लिहून ठेवा. नुसत्या वाटण्यावर जाऊ नका, कारण ॲनिमेशन कमी केल्यावर फोन वेगवान झाल्याचा भास होतोच.

चौथ्या दिवशी आकडा निम्म्याच्या आसपास आला, तर आणखी काही करू नका. तो जवळपास तेवढाच राहिला आणि जागा मोकळी असूनही रोजची ॲपे पुन्हा पुन्हा पहिल्यापासून उघडत असतील, तर नव्या आवृत्तीला ४ जीबी रॅम अपुरी पडते आहे, आणि त्यावर कॅशे किंवा ॲनिमेशन हा उपाय नाही. तिथे न लागणारी ॲपे काढणे एवढेच हाती राहते. फोन थोड्या वापरानेही तापत असेल, पाठ फुगल्यासारखी वाटत असेल किंवा २० टक्क्यांवरच बंद पडत असेल, तर आधी बॅटरी तपासून घ्या. पाठ फुगली असेल, तर फोन चार्जिंगला लावू नका, सरळ दुकानात न्या. फॅक्टरी रीसेट हा शेवटचा मार्ग आहे. तो संपूर्ण बॅकअप घेऊनच करावा, आणि त्यानंतरही पहिल्या दोन-तीन रात्री हेच अनुवादाचे काम पुन्हा पहिल्यापासून चालते, म्हणून रीसेटच्या दुसऱ्या दिवशी फोन संथ वाटला, तर निकाल लावण्याआधी त्याला त्या रात्री चार्जिंगवर द्याव्यात.